पाचव्या आणि बाराव्या दिवसाच्या मधे

मंगळवारी सकाळी साडेसहा वाजता भंडाऱ्याच्या दवाखान्यात माझे वडील वारले. त्या दिवशी तळ्याचं पाणी १५८ सेंटिमीटर होतं, असं वहीत लिहिलं आहे.

वही माझ्या भाचीची आहे. ती माझ्या भावाची मुलगी, आठवीत शिकते. भाऊ आणि वहिनी नागपूरला कामाला आहेत, म्हणून ती गावी आजी-आजोबांजवळ राहते. मी लाखनीच्या एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते आणि तिथेच खोली करून राहत होते. गाव तिथून स्कूटीनं अर्ध्या तासावर आहे. वडील गेल्यावर मी सुटी काढून घरी आले आणि मग परत खोलीवर गेलेच नाही.

वडील गणिताचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांना एक नाद लागला. गावच्या तळ्यातून पाटात पाणी सोडायचं जे तोंड आहे, ज्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, त्याच्याजवळ पाण्यात एक दगडी खांब आहे. त्यावर त्यांनी ऑइलपेंटनं सेंटिमीटरच्या खुणा केल्या. रोज सकाळी तळ्याच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, चालत जायचं, खांबावर पाणी कुठपर्यंत आहे ते पाहायचं आणि घरी येऊन वहीत लिहायचं. महिना संपला की त्याचा आलेख काढायचा आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचा. सुरुवातीला लोक हसले.

"काय मास्तर, तळ्याले ताप आला का?" तुडुम उघडायचं-लावायचं काम करणारे पाणकर काका त्यांना रोज विचारत.

"ताप नाही. पण अंग उतरून राहिलं," वडील म्हणत.

पुढे धानाला पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, आधी आणि कोणाच्या नंतर, असा वाद निघाला की तेच लोक भिंतीवरच्या कागदापुढे उभे राहू लागले. रेष कशी उतरते ते बोटानं दाखवून बोलू लागले. वडिलांना त्याचा आनंद होता, पण ते तसं म्हणाले नाहीत.

ऑक्टोबरात भाचीच्या गणिताच्या मॅडमनी एक कृतिपत्रिका दिली. घराजवळची बदलणारी एखादी गोष्ट निवडा, पंधरा दिवस रोज एकाच वेळी मोजा, तक्ता करा, त्यावरून रेषालेख काढा आणि खालच्या प्रश्नांची उत्तरं लिहा. वर्गातल्या कोणी सकाळचं तापमान घेतलं, कोणी गाईचं दूध. भाचीनं तळं घेतलं. घरात खांब मोजणारा माणूस असताना ती दुसरं काय घेणार?

पहिल्या दिवशी पाणी १८६ होतं. दुसऱ्या दिवशी १८५, तिसऱ्याही दिवशी १८५. उशिरा येणाऱ्या भारी धानाला शेवटचं पाणी द्यायचं होतं म्हणून त्या दिवशी तुडुम उघडलं आणि चौथ्या दिवशी पाणी १७८ वर आलं. पाचव्या दिवशी १७०. हा आकडा वडिलांनी खांबाजवळ वाकून मोठ्यानं वाचला, भाचीनं पारीवर उभं राहून लिहिला. मग वडील उठले आणि परत खाली बसले. मग आडवे झाले. ती धावत पाणकर काकांकडे गेली. हे सगळं मला नंतर कळलं. मी थेट भंडाऱ्याला पोहोचले.

दवाखान्यात ते सहा दिवस होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्यांना जरा बोलता आलं तेव्हा त्यांनी फोन मागितला. मी स्पीकरवर लावून त्यांच्या उशीजवळ धरला.

"उद्यापासून तू जा तळ्यावर," ते भाचीला म्हणाले. "दहा दिवस राहिले आहेत. एकही दिवस नागा नको पाडू."

"हो आबाजी."

"आणि मले आकडा सांगत जा."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सातला तिचा फोन यायचा. १६८. १६६. १६४. वडील आकडा ऐकायचे, ओठातल्या ओठात परत म्हणायचे आणि डोळे मिटायचे. त्या दिवसांत सलाइनच्या थेंबांखेरीज त्यांचं लक्ष लागेल असं तेवढंच एक होतं. मला भाचीचं कौतुक वाटे. एवढंसं लेकरू, आजोबा जिथे पडले तिथे रोज एकटं जातं, असं मी मनात म्हणत असे.

रविवारी दुपारी पाऊस आला. परतीचा होता, पण जोराचा होता, दोन-अडीच तास पडला. खाटेशेजारच्या खिडकीतून पाणी आत येऊ लागलं म्हणून मी ती लावून घेतली. आई घरून फोनवर म्हणाली, इकडेही लय पाऊस हाय, आंगणात तळं झालं. सोमवारी सकाळी भाचीचा फोन आला. आकडा १६० होता.

वडिलांनी या वेळी तो परत म्हटला नाही. फोन बंद झाल्यावर बराच वेळ ते खिडकीकडे पाहत होते. मग म्हणाले, "पाणी असं सरळ उतरत नाही."

मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलत आहेत. मी पांघरूण नीट केलं.

"तिले काही म्हणू नको," ते म्हणाले. "मांडंल तवा दिसंल."

मी "बरं" म्हटलं. कशाला बरं म्हटलं ते मला माहीत नव्हतं. त्यानंतर ते फारसं बोलले नाहीत. मंगळवारी सकाळचा सातचा फोन आला नाही, कारण त्याआधीच आम्ही घरी फोन केला होता. तोवर भाचीनं वहीत १५८ लिहून ठेवलं होतं. तो आकडा कोणाला सांगायचा राहिला.

बुधवारी भाऊ सकाळी लवकर उठून आंगणात फिरत होता. त्याला घरात बसवत नव्हतं. टेबलावर भाचीची वही दिसली तेव्हा तो तिला म्हणाला, "चाल, आपण जाऊन येऊ." ती त्याचा हात धरून गेली. बाराव्या दिवशी पाणी १३९ होतं. मग तेराव्या दिवशी १३६, तुडुम लावल्यावर चौदाव्याला १३५ आणि पंधराव्यालाही १३५. भावानं ते चारही दिवस तिला सोबत नेलं. वही भरली. वडिलांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, भाऊ आणि वहिनीही नागपूरला परतले. घरात आई, भाची आणि मी राहिलो.

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. कृतिपत्रिका शाळा उघडल्यावर द्यायची होती. भाची वहीला हातही लावत नव्हती. मी दोनदा विचारलं तेव्हा "पोट दुखते" म्हणाली, तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आलेख कागद आणायला उठली.

आलेख काढायचा म्हणजे आधी प्रमाण ठरवायचं. एक सेंटिमीटर म्हणजे किती, हे ठरल्याशिवाय कागदावर टिंब देता येत नाही. वडील हे शिकवताना नेहमी म्हणत, "कागद म्हणजे बांधी. बांधी पाहून परा लावायचा. अर्ध्यातच परा सरला तरी वाईट, आणि उरून बांधावर पडला तरी वाईट." परा म्हणजे लावणीची धानाची रोपं. वाक्य मला पाठ होतं, पण गणित मला कधी आलं नाही. त्यांच्या घरात मी एकटीच पुस्तकांकडे गेले. मी शून्यापासून सुरुवात करून दहाचं प्रमाण घेतलं तर आलेखाचे सगळे चढउतार कागदाच्या वरच्या टोकाला चेपून बसले आणि खाली भलामोठा कागद रिकामा राहिला.

"आत्या, परा बांधावर गेला," भाची म्हणाली. दहा-बारा दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

मग तिनं माझा फोन घेतला. प्रश्न टाइप केले की उत्तरं देणारं एक ॲप त्यात आहे. तिनं पंधराही आकडे त्यात घातले आणि लिहिलं, याचा रेषालेख काढून द्या. त्यानं उत्तर दिलं की मला इथे आकृती काढून देता येत नाही, पण बिंदूंचा तक्ता आणि प्रमाण देतो, त्यावरून तुम्हाला आलेख कागदावर काढता येईल. ते मला नीट वाटलं. काढायचं काम हातालाच करायचं होतं.

त्यानं लिहिलं होतं: आडव्या अक्षावर दिवस घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे १ दिवस. उभ्या अक्षावर पाण्याची पातळी घ्या, १ सेंटिमीटर म्हणजे ५ सेंटिमीटर पाणी. उभा अक्ष ० ऐवजी १३० पासून सुरू करा आणि १९० पर्यंत न्या, म्हणजे १२ सेंटिमीटर उंची पुरेल. अक्ष शून्यापासून सुरू होत नाही हे कळावं म्हणून त्याच्या तळाशी एक नागमोडी खूण करा. खाली तक्ता होता. दिवस, पाणी, उजवीकडे किती जायचं, वर किती जायचं.

"वर किती हे कसं काढलं त्यानं?" मी विचारलं.

"सोपं तर आहे, आत्या. पाण्यातून एकशेतीस वजा करायचे आणि पाचानं भागायचं. एकशे शहाऐंशी वजा एकशेतीस, छप्पन. भागिले पाच, अकरा पॉइंट दोन. पहिल्या दिवसावर अकरा सेंटिमीटर आणि वर बारके दोन घर." कागदावरचं प्रत्येक बारकं घर एक मिलिमीटरचं होतं. म्हणजे एक सेंटिमीटर पाणी म्हणजे बारकी दोन घरं. आजोबांची नात होती ती.

आई दारात तांदूळ निवडत बसली होती. "तळं हिकडं आन् मोबाइल तिकडं. त्याले काय ठावं आपलं तळं?" ती म्हणाली.

आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. मी तक्ता वाचू लागले, भाची टिंबं देऊ लागली. एक, अकरा पॉइंट दोन. दोन, अकरा. तीन, अकरा. चार, नऊ पॉइंट सहा. पाच, आठ. तिनं प्रत्येक टिंबाभोवती पेन्सिलीनं बारीक गोल केला, वडील करत तसाच. सहा, सात पॉइंट सहा. इथून तिचा हात हळू झाला. सात, सात पॉइंट दोन. आठ, सहा पॉइंट आठ. नऊ, सहा पॉइंट चार. दहा, सहा. अकरा, पाच पॉइंट सहा. बारा, एक पॉइंट आठ.

"एक पॉइंट आठ?" तिनं विचारलं.

मी परत पाहिलं. १३९ वजा १३०, नऊ. भागिले पाच, एक पॉइंट आठ. बरोबर होतं.

उरलेली तीन टिंबं दिली आणि तिनं पट्टी घेतली. एका टिंबापासून दुसऱ्यापर्यंत रेष, मग पट्टी हलवायची, मग पुढची रेष. पहिल्या चार रेषांना तिला चारदा पट्टी लावावी लागली, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसांमधली तेवढी आडवी होती. पाचव्या टिंबावर पट्टी ठेवली तेव्हा ती सहाव्या टिंबावरून गेली, सातव्यावरूनही गेली, आणि थेट अकराव्यापर्यंत सगळी टिंबं पट्टीच्या काठाला लागून बसली. पट्टी हलवावी लागली नाही. तिनं पाचपासून अकरापर्यंत एका दमात रेष ओढली. मग अकराव्यापासून बाराव्यापर्यंत रेष जवळजवळ उभी खाली पडली.

कागदावर तळं आधी जरा थांबलं, मग भराभर उतरलं, मग सहा दिवस आखल्यासारखं उतरलं, आणि मग एका दिवसात कोसळलं.

मला अजून काही समजलं नव्हतं, पण दिसत होतं.

कृतिपत्रिकेतला तिसरा प्रश्न असा होता: कोणत्या दोन लागोपाठच्या दिवसांत सर्वांत मोठी घट झाली? किती? कारण लिहा. मी मोठ्यानं वाचला आणि म्हटलं, "अकरा ते बारा. एकशे अठ्ठावन्न वजा एकशे एकोणचाळीस, एकोणीस. कारण काय झालं असंल गं? मंगळवारी तुडुम जास्त उघडलं होतं का?"

फोनला विचारलं तर त्यानंही सांगितलं की एका दिवसात १९ सेंटिमीटर घट इतर दिवसांच्या मानानं फार आहे, दिलेल्या माहितीवरून कारण समजत नाही, नोंदी एकदा तपासून पाहा. मी ते वाचून दाखवलं. भाचीनं पट्टी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मी गेलीच नाही आत्या."

"कुठं?"

"तळ्यावर. एकही दिवस नाही गेली. पारीवर चढत होती आणि खांब दिसला की मले आबाजी दिसत होते. पडलेले. मी तिथूनच वापस येत होती. मग घरी बसून दोन-दोन कमी करत होती." मग म्हणाली, "त्यांनी म्हटलं होतं नागा नको पाडू. आणि मी त्यांले रोज लबाडी सांगतली. मरेपर्यंत."

आईनं सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही. भाचीला मीच समजवावं, असं तिला वाटलं असेल.

मी काय केलं ते लिहिताना मला लाज वाटते, पण लिहिते. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "रडू नको. आपण हे नीट करू. सहा आकडेच तर आहेत. पाचला एकशे सत्तर आणि बाराला एकशे एकोणचाळीस, मधे थोडे मागेपुढे करून टाकू. पाऊस आला त्या दिवशी थोडं वाढवू. मग ते खरं दिसंल."

तिनं मान वर केली. "खरं दिसंल?"

"म्हणजे मॅडमना कळणार नाही."

"तू पण तेच करून राहिली आत्या," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा चांगलं करून राहिली एवढंच."

तेव्हा मला खिडकी आठवली. लावलेली खिडकी, तिच्या काचेवरचं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं १६०. पाणी असं सरळ उतरत नाही. मांडंल तवा दिसंल. मी गुंगीतलं बोलणं समजून पांघरूण नीट केलं होतं.

सांगावं की नाही याचा मी बराच विचार केला. आजोबांना ठाऊक होतं, हे तिला हलकं करेल की जड करेल, मला ठरवता येत नव्हतं. पण नुकतंच मी तिला खोटं शिकवायला निघाले होते. आणखी एक गोष्ट लपवून ठेवायचं माझ्यात बळ नव्हतं.

"त्यांना माहीत होतं," मी म्हटलं आणि सोमवारचं सगळं सांगितलं. एक शब्द वाढवला नाही.

तिनं आलेखावरच्या सरळ रेषेवरून बोट फिरवलं. "मग रागावले काहून नाही?"

"मला नाही माहीत."

"मी म्हणत होती त्यांले, हो आबाजी आत्ताच पाहून आली. आणि ते हो म्हणत होते?"

"आकडा परत म्हणत होते. सोमवारी नाही म्हटला."

आई दारातून म्हणाली, "रागावतीन कायले? तुह्या फोनाची वाट पाहून राहिले होते ते, पाण्याची नाही." मग सूप उचलून म्हणाली, "आता दोघी कागद घेऊन बसू नका. उद्या सकाळी जाऊन तळं पाहून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. धान पिवळं झालं होतं, काही बांध्या कापल्या होत्या. पारीवर चढताना तिनं माझा हात घट्ट धरला. खांब दिसला तेव्हा ती थबकली. मी थांबले. तिला वाटलं तर परत जाऊ, असं मी म्हणणार होते, पण तीच पुढे गेली. वडील जिथे वाकत तिथे वाकली आणि वाचलं, "एकशे तेहतीस."

पाणकर काका पलीकडे दात घासत उभे होते. त्यांना मी सांगितलं की सहा दिवसांचे आकडे राहून गेले.

"सहा दिवस?" ते हसले. "मी सांगतो ना. पाऊस आला त्या दिवशी दीडशे असंल. त्याच्या आंधी एकशे पंचावन्न घाला. लिहून टाक पोरी, कोण पाहाले येते?"

"तुम्ही खांब पाहिला होता का, काका?" भाचीनं विचारलं.

"खांब कायले पाहू? तुडुम पाहतो मी. खांब पाहाले मास्तर होते."

वहीत तिनं ते आकडे लिहिले नाहीत.

घरी येऊन तिनं नवा आलेख कागद घेतला. या वेळी फोनला नऊच नोंदी दिल्या आणि लिहिलं की ६ ते ११ दिवसांच्या नोंदी नाहीत. त्यानं पुन्हा तक्ता दिला. प्रमाण तेच होतं. खाली एक सूचना होती: बारावा दिवस पाचव्याच्या शेजारी घेऊ नका, तो १२ सेंटिमीटरवरच येईल, मधल्या दिवसांची जागा मोकळी ठेवा. पाचव्या आणि बाराव्या बिंदूंना अखंड रेषेनं जोडू नका. हवं असल्यास तुटक रेष काढून नोंदी नाहीत असं लिहा.

"तुटक रेष काढायची का?" मी विचारलं.

तिनं पट्टी दोन टिंबांवर ठेवून पाहिली. पाचव्या दिवसाच्या आठ सेंटिमीटरवरून बाराव्या दिवसाच्या एक पॉइंट आठवर रेष तिरपी उतरली असती.

"ही पण सरळच आहे," ती म्हणाली आणि पट्टी उचलली. "नको."

मग तिनं पहिल्या पाच टिंबांना जोडलं. शेवटच्या चारांना जोडलं. मधे जागा तशीच ठेवली. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं: माझ्याकडे असलेल्या नोंदींत सर्वांत मोठी घट ४ ते ५ या दिवसांत, ८ सेंटिमीटर. कारण, तुडुम उघडलेलं होतं. मधल्या दिवसांत यापेक्षा जास्त घट झाली असेल तर मला माहीत नाही. आलेखाच्या खाली पेनानं एक ओळ लिहिली: ६ ते ११ या दिवसांत मी पाणी पाहिलं नाही.

"मॅडम पंधरा नोंदी पाहिजे म्हणाल्या होत्या," ती म्हणाली. "मार्क कापतीन."

"कापतील."

"कापू दे," ती म्हणाली, पण तिचा आवाज तेवढा धीट नव्हता.

शाळा उघडल्यावर तिनं कागद दिला. चार दिवस परत आला नाही. त्या चार दिवसांत ती घरी आल्याबरोबर माझ्याकडे पाहून मान हलवायची आणि मी चहा ठेवायचे. पाचव्या दिवशी कागद आला. मॅडमनी नोंदींचे दोन मार्क कापले होते. मोकळ्या जागेच्या खाली, तिच्या ओळीशेजारी, लाल पेनानं बरोबरची खूण होती. तेवढीच. शेरा नव्हता.

भाचीनं तो कागद माझ्यापुढे ठेवला. "मॅडम म्हणाल्या, आजोबांचा खांब पाहायचा आहे. वर्ग घेऊन येऊ का म्हणाल्या."

"मग तू काय म्हणाली?"

"म्हटलं, सकाळी सातला या. नंतर पाण्यावर ऊन चमकते, आकडे दिसत नाहीत."

पहिला कागद, एका पट्टीच्या रेषेचा, तिनं फाडला नाही. तो वहीतच ठेवला आहे. वहीतल्या सहा खोट्या आकड्यांवर तिनं एकेक आडवी रेघ मारली आहे, पण ते खोडले नाहीत, वाचता येतात. १५८सुद्धा वाचता येतो. वडील गेले त्या दिवशी तळ्यात खरं किती पाणी होतं, हे आमच्यापैकी कोणी पाहिलं नाही. ते आता कळणार नाही.

आम्ही रोज सकाळी पारीवर जातो, ती वाचते, मी लिहिते. आज पाणी १२४ आहे.